रिकव्हरी प्रोग्रॅम द्यायचा, पण खर्च कुणाच्या नावावर?

“मॅडम, काम मागे पडलंय म्हणून क्लायंटने रिकव्हरी प्रोग्रॅम, म्हणजे उशीर भरून काढायचा आराखडा मागितलाय. पत्र दिलं तर उशीर आमचाच, असं कबूल केल्यासारखं होईल का? आणि जादा शटरिंगचे पैसे कोण देणार?”

हे विचारणारे घणसोलीत एका ऑफिस इमारतीचं काम करणारे कॉन्ट्रॅक्टर होते. काम ४२ दिवस मागे होतं आणि सहा स्लॅब बाकी होते. त्यांच्या कच्च्या पत्रात एकच ओळ होती: “आम्ही जादा माणसं लावून उशीर भरून काढू.” धोका याच ओळीत होता. तिच्यामुळे ४२ च्या ४२ दिवस त्यांच्या खाती जमा झाले असते.

म्हणून आधी कामातले अडथळे नोंदवायचं हिंडरन्स रजिस्टर आणि मजुरांचा हजेरीपट शेजारी ठेवून बसलो. १८ दिवस बीमची सुधारित ड्रॉइंग्ज आली नव्हती, आणि त्याच दिवसांत सुतारांची पूर्ण गँग हजेरीवर होती. ही हजेरी महत्त्वाची, कारण गँगच नसती तर क्लायंट म्हणाला असता, “ड्रॉइंग असून तरी काय केलं असतं?” उरलेले २४ दिवस गँग गावी गेल्यामुळे गेले. ते आमचेच, आणि पत्रात तसं स्पष्ट लिहिलं.

२४ दिवस भरून काढायचे तर स्लॅबचं चक्र १४ दिवसांवरून १० वर आणायचं: सहा स्लॅब, प्रत्येकी चार दिवस. पण काँक्रीटच्या आयएस ४५६ या भारतीय मानकाप्रमाणे सहा मीटरपर्यंतच्या बीमखालचे प्रॉप्स, म्हणजे टेकू, साधारण १४ दिवस काढता येत नाहीत. शटरिंगच्या दोन संचांवर १० दिवसांचं चक्र बसत नाही, तिसरा लागतो. नुसती माणसं वाढवण्याचं वचन इथेच फसतं. तिसऱ्या संचाचं भाडं कॉन्ट्रॅक्टरने सोसावं, असं लिहिलं. फिडिकच्या १९९९ च्या रेड बुकात, म्हणजे बांधकाम कराराच्या आंतरराष्ट्रीय नमुन्यातही, ८.६ कलम हेच सांगतं: कॉन्ट्रॅक्टरच्या कारणाने काम मागे पडलं तर वेग वाढवण्याचा खर्च त्याचा.

१८ दिवसांसाठी वेगळा परिच्छेद केला. त्यात आधी मुदतवाढीची मागणी केली. त्याखाली लिहिलं: “मुदतवाढीऐवजी हे दिवसही भरून हवे असतील तर रात्रपाळी लावू. तिचे दर सोबत जोडले आहेत. हा खर्च आपला राहील, आणि आपली लेखी सूचना मिळाल्यावरच पाळी सुरू होईल. या पत्राने आमचा मुदतवाढीचा हक्क सोडलेला नाही.”

कॉन्ट्रॅक्टरना शेवटचं वाक्य कडक वाटत होतं, म्हणून काढायला सांगत होते. मी ठेवायला लावलं. पुढे मीटिंगमध्ये क्लायंटचा माणूस सहज बोलून गेला, “रात्रपाळी लावा, नंतर बघू.” त्याच संध्याकाळी हे बोलणं लिहून पाठवलं आणि लेखी सूचना मागितली. ती आली नाही, म्हणून पाळीही लावली नाही. महिनाभराने १८ दिवसांची मुदतवाढ मिळाली, आणि दंडाची रक्कम त्या दिवसांपुरती लागली नाही.