फाउंड्रीचा नफा मशीन शॉपच्या खात्यात

प्रश्न: आमच्याकडे एकाच कंपनीत फाउंड्री आणि मशीन शॉप आहे. सॅपमध्ये दोन्हींना वेगळे प्रॉफिट सेंटर दिले, तरी फाउंड्रीचा नफा शून्यच दिसतो. असे का, आणि अंतर्गत दर कसा लावावा?

उत्तर: कास्टिंग फाउंड्रीतून मशीन शॉपकडे जाते तेव्हा प्रणाली ते प्रमाणित खर्चाने हलवते आणि विक्रीचे बिल मात्र मशीन शॉपच्या प्रॉफिट सेंटरवर पडते, म्हणून सगळा नफा तिथेच साचतो. मी कोल्हापूरच्या एका कारखान्यात हिशेब पाहत असताना हेच अनुभवले आहे. आकडे सोपे करून सांगतो.

समजा कास्टिंगचा प्रमाणित खर्च ४०० रुपये, अंतर्गत दर ४६०, मशीनिंगचा खर्च १५० आणि विक्री ७०० रुपये आहे. महिन्यात १,००० नग मशीन शॉपकडे गेले, ८०० मशीनिंग होऊन विकले गेले आणि २०० कास्टिंग तसेच पडून राहिले. फाउंड्रीचा नफा ६०,००० आणि मशीन शॉपचा ७२,००० रुपये दिसेल. कंपनीने मात्र ८०० नगांवर प्रत्येकी १५० प्रमाणे १,२०,००० रुपयेच कमावले आहेत. वरचे १२,००० म्हणजे पडून असलेल्या २०० नगांवरचा न झालेला नफा, आणि तो कंपनीच्या ताळेबंदातील साठ्यात येता कामा नये, कारण तिथे साठा खर्चाच्या मूल्यापेक्षा जास्त धरता येत नाही.

सॅपमध्ये यासाठी प्रॉफिट सेंटरचे समांतर मूल्यांकन आहे, परंतु चालू प्रणालीत ते सुरू करणे हा स्वतंत्र प्रकल्पच ठरतो. दोनच विभाग असतील तर महिनाअखेरची एक नोंद मला पुरेशी वाटते: अंतर्गत नफ्याच्या खात्यात फाउंड्रीकडे ६०,००० जमा, मशीन शॉपकडे ४८,००० नावे आणि ‘निरसन’ नावाच्या तिसऱ्या प्रॉफिट सेंटरवर १२,००० नावे. ते २०० नग विकले गेले की निरसनावरची रक्कम मशीन शॉपकडे न्यावी. कंपनीच्या पातळीवर नोंदीची बेरीज शून्यच राहते, त्यामुळे लेखापरीक्षकही विचारणा करत नाहीत.

दर मात्र प्रत्यक्ष खर्चावर टक्केवारी चढवून ठरवू नका. आमच्याकडे प्रथम प्रत्यक्ष खर्च अधिक १५ टक्के असा नियम होता. रिजेक्शन वाढून खर्च ४३० झाला, की दर आपोआप ४९४.५० होई, म्हणजे जितकी नासाडी अधिक तितका फाउंड्रीचा नफा अधिक, आणि बोलणी मशीन शॉपने खायची. वर्षभरासाठी ४६० ठरवल्यावर तीच वाढ फाउंड्रीच्या नफ्यात ६० चे ३० होऊन दिसू लागली. यावरून फाउंड्रीप्रमुखांशी दोन बैठका वादात गेल्या, तो भाग वेगळा.

नोंद करण्यापूर्वी डमी प्रॉफिट सेंटरवरची शिल्लक नक्की पाहा. मटेरियल मास्टरमध्ये प्रॉफिट सेंटर भरायचे राहून गेलेल्या वस्तूंचे व्यवहार तिथे जाऊन बसतात आणि मग दोन्ही विभागांचे आकडे चुकीचे असूनही बरोबर वाटतात. दोन्ही विभाग वेगवेगळ्या राज्यांत असतील, तर मालाच्या त्या हालचालीवर जीएसटीही लागतो. त्या बिलातील दर आणि हा अंतर्गत दर एकच असेल असे गृहीत धरू नये.