मनगट फिरवल्यावर मेश का आवळतो, आणि दंडाचं गणित उलटं का?

प्रश्न: ब्लेंडरमध्ये माझ्या पात्राचा तळहात फिरवला की मनगटापाशी मेश आवळून बारीक होतो. ट्विस्ट बोन घातले, हात थोडा सुधारला, पण खांदा अजून पिळतोच. काय चुकतंय?

उत्तर: आधी स्वतःचा हात टेबलावर ठेवून पाहा. दुसऱ्या हाताचं एक बोट कोपराजवळच्या कातडीवर ठेवा, एक मनगटावर, आणि तळहात पालथा करा. कोपराजवळचं बोट जवळजवळ जागेवरच राहतं, मनगटावरचं पूर्ण फिरतं. हा पीळ मनगटाच्या सांध्यात पडतच नाही. हाताच्या पुढच्या भागात दोन हाडं असतात आणि त्यातलं एक दुसऱ्याभोवती फिरतं, म्हणून पीळ कोपरापासून मनगटापर्यंत वाटला जातो. रिगमध्ये मात्र तो सगळा एका सांध्यावर येतो.

आवळण्याचं कारण वेट मिसळण्याच्या पद्धतीत आहे. निम्मं वेट फोरआर्मचं आणि निम्मं पंजाच्या म्हणजे हाताच्या बोनचं असलेल्या व्हर्टेक्सला फोरआर्म एका जागी नेऊ पाहतो, हात दुसऱ्या; तो या दोन जागांना जोडणाऱ्या सरळ रेषेच्या मध्यावर जाऊन बसतो, वर्तुळावर राहत नाही. 90 अंशांच्या पिळाला तिथली त्रिज्या 0.71 पट होते, 180 ला शून्य, अगदी गोळीच्या कागदाला पीळ दिल्यासारखी. तोच 90 अंशांचा पीळ 45-45 अशा दोन टप्प्यांत वाटला की सर्वात वाईट जागीही 0.92 उरते.

म्हणून फोरआर्मच्या बोनच्या दोन आखूड प्रती करा, एक मध्यावर आणि एक मनगटाला लागून. दोन्हींचा पेरेंट फोरआर्मच. त्या फोरआर्मच्या अक्षावरच असू द्या आणि रोलही तोच ठेवा, नाहीतर फिरताना मेश बाजूला सरकतो. कोपराशी पूर्ण वेट फोरआर्मचं, मध्यावर पहिल्या प्रतीचं, मनगटाच्या अलीकडे दुसरीचं, आणि मधल्या लूपांवर सावकाश उतार. हाताच्या बोनचं वेट फोरआर्ममध्ये वर चढू देऊ नका.

आता पीळ मोजायचा. इथे मी बराच काळ हाताच्या ऑयलर रोटेशनमधला Y थेट घेत होतो, आणि मनगट वाकवून फिरवलं की ट्विस्ट बोन भलतीकडे उडी मारायचा. वाकणं आणि पिळणं वेगळं काढल्याशिवाय तो आकडा भरवशाचा नसतो. ब्लेंडरच्या ड्रायव्हरमध्ये त्याची सोय आहे: व्हेरिएबल `Transform Channel`, बोन हाताचा, `Y Rotation`, मोड `Swing and Y Twist`, स्पेस `Local Space`. व्हेरिएबलचं नाव `t` ठेवा. मग दोन प्रतींच्या Y रोटेशनवर अनुक्रमे:

```
t * 0.5
t
```

त्याआधी या प्रतींचा रोटेशन मोड क्वाटर्नियनवरून `XYZ Euler` करा. हे राहून गेलं तर ऑयलरच्या Y वरचा ड्रायव्हर चालतो, आकडा बदलतो, पण बोन हलत नाही, आणि माणूस तासभर ड्रायव्हरच तपासत बसतो. मनगटालगतच्या प्रतीला पूर्ण `t` मुद्दाम दिलाय: तिथे आणि हातात पिळाचा फरकच उरत नाही, म्हणून सांधा फक्त वाकतो.

तुमचा खांदा पिळतोय तो बहुधा दंडालाही हेच सूत्र लावल्यामुळे. दंडाचा पीळ खांद्याच्या सांध्यात सुरू होतो, म्हणजे मुख्य बोन तो आधीच पूर्ण घेऊन फिरतो. कोपराशी ते योग्य आहे, पण खांद्याजवळची कातडी मागेच राहायला हवी. म्हणून दंडाच्या बोनखाली दोन प्रती, या वेळी एक खांद्याजवळ आणि एक मध्यावर, आणि `t` दंडाच्याच बोनचा:

```
-t
-t * 0.5
```

खांद्याजवळची प्रत दंड उचलला की सोबत जाते, पण पीळ परत फेडते. कोपराशी वेट मुख्य बोनचंच राहू द्या.

या मोजणीला एक मर्यादा आहे. मूळ पोझपासून बोन 180 अंशांच्या जवळ वळला की पीळ किती हे ठरवताच येत नाही. खांद्याजवळचा मेश एका फ्रेममध्ये झटक्याने उलटा झाला तर तेच समजा. मनगट तितकं वाकत नाही, दंड कधीकधी जातो. हात शरीराला चिकटलेल्या पोझमध्ये रिग केलं असेल तर हात डोक्यावर नेताना हमखास होतं, त्यामुळे मूळ पोझमध्ये हात थोडे बाहेर काढलेले बरे.

तपासायला मेशवर लांबीच्या दिशेने पट्टे असलेलं टेक्स्चर लावा आणि तळहात 90 अंश फिरवा. पट्टे कोपरापासून मनगटापर्यंत सारख्या चालीने वळत गेले पाहिजेत. कुठे एकदम मोडलेले दिसले, तर त्याच लूपचं वेट परत रंगवा.