गर्दीच्या लोकलमध्येच वाचतो, तेही बहुतेकदा उभ्याने. खिळवून ठेवणाऱ्या छोट्या मराठी कादंबऱ्या सुचवाल का?

विश्राम बेडेकरांची ‘रणांगण’ (१९३९) आधी घ्या, ती संपली की सचिन कुंडलकरांची ‘कोबाल्ट ब्ल्यू’.

दोन्ही मीही लोकलमध्येच वाचल्या. गर्दीत पानांच्या संख्येपेक्षा दादरला धक्काबुक्कीत पुस्तक मिटलं की पुढच्या स्टेशनला धागा परत सापडतो का, हे महत्त्वाचं. ‘रणांगण’ जवळजवळ सगळी एका बोटीवर घडते. युरोपातून परतणारा चक्रधर आणि नाझी जर्मनीतून निसटलेली ज्यू तरुणी हॅर्टा, या दोघांना धरून ठेवलंत तरी पुरे. शिवाय बोट मुंबईला लागणार हे आपल्याला ठाऊक असतं, त्यामुळे उरलेले दिवस आपणही मोजू लागतो. पुस्तकही बारीक आहे, एका हातात मावतं. दुसरा हात हँडलला लागतोच.

‘कोबाल्ट ब्ल्यू’मध्ये भाऊ-बहीण एकाच भाडेकरूच्या प्रेमात पडतात. आधी तनय सांगतो, मग अनुजा. दुसऱ्या भागात तोच माणूस वेगळा दिसायला लागतो, खरी मजा तिथे आहे. फक्त तनयचा भाग काळाच्या क्रमाने जात नाही आणि तो त्या भाडेकरूला थेट ‘तू’ म्हणून बोलतो. म्हणून सुरुवातीची वीसेक पानं बसायला जागा मिळेल त्या दिवशी वाचा. नंतर उभ्यानेही चालते.

‘रणांगण’ची प्रस्तावना मात्र शेवटी वाचा, तिच्यात शेवट फुटायची भीती असते.