एल कापिताल की ला कापिताल?

प्रश्न: स्पॅनिशमध्ये ‘कापिताल’ म्हणजे भांडवलही आणि राजधानीही. नामाआधीचं नुसतं पुल्लिंगी ‘एल’ किंवा स्त्रीलिंगी ‘ला’ बदलून अर्थ कसा बदलतो? पाठच करायचं का?

उत्तर: इथे पाठांतर लागत नाही, कारण ‘ला’मागे एक गळलेला शब्द आहे. राजधानी म्हणजे मुळात ‘ला सिउदाद कापिताल’, मुख्य शहर. सिउदाद (शहर) स्त्रीलिंगी. तो शब्द बोलण्यातून गळला, पण त्याचं लिंग मागे राहिलं, म्हणून ‘ला कापिताल’. पैसा मात्र ‘एल कापिताल’.

‘एदितोरियाल’चंही तसंच. ‘एल’ लावलं तर अग्रलेख, कारण मागे पुल्लिंगी ‘आर्तीकुलो’ (लेख) आहे. ‘ला’ लावलं तर प्रकाशनसंस्था, कारण मागे स्त्रीलिंगी ‘कासा’ (घर, पेढी) आहे.

खरी अडचण एल-ला नसताना येते. तेव्हा विशेषण बघा: ‘कापिताल एक्स्त्रान्खेरो’मध्ये शेवटी ‘ओ’ आहे, म्हणजे परदेशी भांडवल. शेवटी ‘आ’ असता तर परकी राजधानी.

आपल्याकडेही ‘माझा वेळ गेला’ आणि ‘जेवणाची वेळ झाली’ यांत लिंगच अर्थ ठरवतं. मला तरी हे आठवल्यावरच एल-ला नीट उमगलं.

‘एल आग्वा’ (पाणी) मात्र यात धरू नका. तो शब्द स्त्रीलिंगीच आहे, ‘एल’ फक्त उच्चाराच्या सोयीसाठी येतो.