गोरे, सावळे, आजी, नातवंडं: सगळ्यांना शोभेल असा टी-शर्टचा रंग

प्रश्न: "डिसेंबरात फोंड्याला मूळ घरी आमच्या कुटुंबाचा मेळावा आहे. ४० माणसं, ५ वर्षांपासून ८० वर्षांपर्यंत. कोणी अगदी गोरं, कोणी चांगलंच सावळं. ग्रुपवर पिवळा, पांढरा आणि काळा असे तीन तट पडलेत. सगळ्यांना शोभेल असा एक रंग खरंच असतो का?"

असतो. गडद मोरपंखी घ्या. साड्यांच्या दुकानात ज्याला रामा म्हणतात त्याहून थोडा निळ्याकडे झुकलेला. टी-शर्टवाल्याच्या शेड कार्डवर तो बहुतेक 'टील' किंवा 'पेट्रोल ब्ल्यू' या नावाने सापडेल. मेळावा माडापोफळींच्या कुळागरात असेल तर मात्र मी वेगळा रंग सांगेन. त्याकडे पुढे येते.

म्हापशात आमचं छपाईचं छोटं दुकान आहे. कॉलेजच्या ट्रिपा आणि कुटुंबांचे मेळावे अशा दोन्ही ऑर्डरी येतात, आणि दोन्हीकडे वाद अगदी तुमच्यासारखाच असतो: जो तो आपल्याला आवडणारा रंग सांगतो. पण आवडता रंग आणि चेहऱ्याला मानवणारा रंग या वेगळ्या गोष्टी आहेत. माणूस गोरा असो की सावळा, आपल्या सगळ्यांच्या कातडीचा मूळ रंग नारिंगीच्या घरातला असतो. कोणाचा फिका, कोणाचा गडद तपकिरी, एवढाच फरक. रंगचक्रात तांबूस नारिंगीच्या समोर निळा-हिरवा येतो, आणि समोरासमोरचे रंग शेजारी ठेवले की दोन्ही उठून दिसतात. म्हणून मोरपंखीच्या वर गोरा चेहरा पांढराफटक दिसत नाही आणि सावळा चेहरा मळकट दिसत नाही. मस्टर्डचं तसं नाही. गडद सावळ्या माणसाला तो झकास दिसतो, पण पिवळसर गोऱ्या माणसाला तोच आजारी करून टाकतो. अबोली, बिस्किट, पीच असे रंग गव्हाळ कातडीशी इतके जुळतात की लांबून पाहिलं तर अंगात काही घातलंच नाही असं वाटतं.

दुसरी गोष्ट आहे उजेडाची, आणि ती दुकानात ट्यूबलाइटखाली लक्षात येत नाही. गोव्यात डिसेंबरातही अकराच्या उन्हात प्रकाश वरून पडतो. डोळ्यांच्या खोबणीत आणि हनुवटीखाली सावली येते, आणि त्या सावलीत जो काही उजेड पोचतो तो बराचसा छातीवरच्या कपड्यावरून उसळून आलेला असतो. म्हणजे टी-शर्टचा रंग थोडासा चेहऱ्यावर चढतोच. काही वर्षांपूर्वी एका वर्गाने दूधसागरच्या ट्रिपसाठी रेडियम पोपटी रंग मागितला. जंगलात कोणी हरवलं तर लगेच दिसेल, हे त्यांचं म्हणणं मला पटलं आणि मी छापून दिले. परत आल्यावर मुलांनी फोटो दाखवले. उन्हात काढलेल्या एकूण एक फोटोत गळा आणि जबडा हिरवट होता, आणि ज्या मुली जरा उजळ होत्या त्या कावीळ झाल्यासारख्या दिसत होत्या. टी-शर्ट चांगले होते, छपाई चांगली होती, आणि तरीही आयुष्यभर जपायचे फोटो बिघडले. तेव्हापासून कोणी रेडियम किंवा लिंबू रंग मागितला की मी आधी ते सांगते. तुमच्या ग्रुपवरचा पिवळा कुठला आहे ते बघा. लिंबूकडचा असेल तर आजच रद्द करा.

पांढऱ्याची बाजू मला समजते. तो वरती साधा स्वच्छ उजेड फेकतो, त्याने चेहरा उलट खुलतोच. एकट्या माणसाच्या फोटोत पांढऱ्यासारखा रंग नाही. अडचण येते ती ४० जणांच्या फोटोत. फोन चेहरे ओळखतो खरा, पण एवढ्या मोठ्या घोळक्यात चेहरे बोटाच्या नखाएवढे असतात आणि उन्हात चकाकणारं पांढरं कापड अर्धी चौकट व्यापतं. मग फोन सगळाच फोटो अंधारवतो, आणि सावळे चेहरे आधी बुडतात. काळ्याचं नेमकं उलटं: फोन फोटो उजळवतो आणि गोरे चेहरे फुटून जातात. शिवाय मूळ घरी मेळावा म्हणजे कुलदेवतेच्या दर्शनाला जाणं आलंच. मंगेशी, म्हार्दोळ, कवळे, बांदोडा, जिथे कुठे जाल तिथे अभिषेकाला काळ्या कपड्यात बसायला घरातली वडील माणसं तयार होणार नाहीत.

आता कुळागराचं. गडद मोरपंखी जांभ्या चिऱ्यांच्या भिंतीसमोर, तांबड्या मातीच्या अंगणात किंवा वाळूवर फार सुंदर दिसतो, कारण ती सगळी पार्श्वभूमी नारिंगी-तांबडी असते. पण माडापोफळींच्या हिरव्या सावलीत तो थोडा विरघळतो. मोठा फोटो तिथेच काढायचा असेल तर डाळिंबी किंवा वाईन घ्या. हाही बहुतेक कातड्यांना मानवतो आणि हिरव्यासमोर उठतो. त्याची मर्यादा ही की चिऱ्याच्या भिंतीसमोर तो हरवतो. म्हणून रंग ठरवण्याआधी मोठा फोटो कुठे काढणार हे ठरवा. आमच्याकडे येणारी बहुतेक कुटुंबं हे सर्वांत शेवटी ठरवतात.

माझ्यावर विश्वास ठेवू नका, घरी करून बघा. गेल्या वर्षी बांदोड्याच्या एका कुटुंबाबरोबर आम्ही जे केलं ते सांगते. ३८ माणसं होती. त्यांच्यातली सर्वांत गोरी पुतणी, सर्वांत सावळे काका आणि मधल्या वर्णाची आत्या अशा तिघांना सकाळी दहाला देवळाच्या अग्रशाळेच्या ओसरीत बोलावलं. थेट ऊन नाही, पण उजेड भरपूर. लिपस्टिक आणि पावडर पुसायला लावली. तीन ब्लाउजपीस नेले होते: मोरपंखी, मस्टर्ड आणि आकाशी. एकेक कापड हनुवटीखाली छातीभर पसरलं आणि कापडाकडे न बघता चेहऱ्याकडे बघितलं. मस्टर्ड लावताच काकांचे डोळे चमकले, पण पुतणीच्या डोळ्यांखालची वर्तुळं ठळक झाली आणि ओठ फिके पडले. आकाशीने पुतणी छान दिसली, पण काकांचा चेहरा राखाडी वाटायला लागला. मोरपंखीने कोणाच्याही चेहऱ्यावर नवं काही उमटलं नाही, नजर सरळ डोळ्यांकडे गेली. रंग मानवल्याची खूण हीच. चेहऱ्याआधी कापड दिसलं किंवा जबड्याखालची सावली गडद झाली, तर तो रंग त्या माणसाचा नाही.

मग तिघांना एकत्र उभं करून प्रत्येक कापडाचा एकेक फोटो काढला आणि फोनवरच सॅच्युरेशन शून्यावर आणलं. फोटो काळापांढरा झाला की एक गोष्ट लगेच कळते: कापड आणि चेहरा एकाच राखाडीचे दिसतात का? मस्टर्डमध्ये आत्या आणि कापड जवळजवळ एक झाले होते. आकाशीत गोऱ्या पुतणीचा गळा कुठे संपतो ते कळत नव्हतं. मोरपंखी तिघांच्याही मधे पडला, पुतणीपेक्षा स्पष्ट गडद आणि काकांपेक्षा वेगळा. काकांशी फरक जरा कमी होता, म्हणून आम्ही गळ्याची पट्टी आणि छपाई मोतिया रंगाची केली. तेवढ्याने त्यांचा चेहरा सुटा झाला. तुमच्याकडेही कोणी फार सावळं असेल तर हीच युक्ती करा. छपाईला पूर्ण पांढरा न घेता मोतिया घ्या, उन्हात तो डोळ्यांवर येत नाही.

त्या कुटुंबात खरी अडचण रंगाची नव्हती, मापांची होती, आणि याचा विचार कोणी आधी करत नाही. शेड कार्डवर वीसेक रंग असले तरी ४एक्सएल आणि लहान मुलांची मापं मोजक्याच रंगांत मिळतात. त्यांना ४एक्सएल तीन हवे होते आणि मुलांचे सात. म्हणून आधी मापांची यादी करा, दुकानदाराला सर्वांत मोठं आणि सर्वांत लहान माप कुठल्या रंगात आहे ते विचारा, आणि त्यातूनच निवडा. सगळे नग एकाच रंगाईच्या लॉटमधले आहेत ना, हेही स्पष्ट विचारून घ्या. दोन लॉटमधला मोरपंखी शेजारी उभा केला की एक हिरवट आणि एक निळसर दिसतो, आणि फोटोत ते लपत नाही. मागाहून "अजून दोन वाढलेत" असं होणारच, म्हणून पहिल्याच खेपेला दोन-तीन जास्तीचे घ्या.

आजींना टी-शर्टचा आग्रह करू नका. बांदोड्याच्या दोन्ही आजींनी साड्याच नेसल्या, एकीची मोरपंखी काठाची मोतिया आणि दुसरीची अख्खी मोरपंखी सुती. मधोमध खुर्च्यांवर त्या बसल्या तेव्हा फोटो त्यांच्याभोवती जमलाय असं वाटत होतं. मोरपंखीचा हा मोठा फायदा आहे. या रंगाची साडी, दुपट्टा, झबलं सगळं सहज मिळतं. टील हा शब्द माहीत नसलेली आजीही मोरपंखी म्हटलं की नेमकी तीच छटा काढून दाखवते.

कापडाबद्दल थोडक्यात. १८० जीएसएम वजनाचं सुती घ्या, पॉलिस्टर आपल्या दमट हवेत अंगाला चिकटतं. घामाचा डाग फिक्या राखाडी आणि आकाशीवर सर्वांत जास्त दिसतो, गडद मोरपंखीवर बराच कमी. मधल्या छटेवर मात्र पाठीवर दिसेल, म्हणून गडद म्हणते आहे. पहिली धुलाई वेगळी करा, नाहीतर मुलांचे पांढरे बनियन निळे होतील.

आणि ऑर्डर देण्याआधी एक नग छापून आणा. फोनच्या पडद्यावरचा रंग बघून पैसे देऊ नका, प्रत्येकाच्या फोनवर तो वेगळा दिसतो, आणि ग्रुपवर ४० जण ४० वेगवेगळ्या रंगांवर वाद घालत राहतात. तो नग तुमच्या त्या तिघांना आळीपाळीने घालायला द्या आणि जिथे मोठा फोटो काढायचा आहे तिथेच, त्याच वेळेला उभं करा. आमच्याकडे हे करून गेलेल्या एका कुटुंबाने परत येऊन मोरपंखीचा डाळिंबी केला, कारण त्यांच्या अंगणात माझ्या अंदाजापेक्षा बरीच जास्त झाडं होती.