गाडी विकल्यावर विम्याचे उरलेले पैसे: दिवसांच्या हिशेबाने मागा, पण आरसी बदलल्यावरच

प्रश्न: सांगलीत महिन्यापूर्वी कार विकली. विम्याचे सहा-सात महिने बाकी आहेत. पॉलिसी रद्द केली तर पैसे किती मिळतात? कंपनीवाले म्हणतात शॉर्ट पिरियडने कापून मिळतील, ते बरोबर आहे का?

उत्तर:

बरोबर नाही. पॉलिसी एक वर्षाची असेल आणि चालू मुदतीत तुम्ही एकही क्लेम घेतलेला नसेल, तर उरलेल्या दिवसांच्या प्रमाणातच पैसे मिळायला हवेत. विमा कंपन्यांवर देखरेख करणाऱ्या इर्डाने ११ जून २०२४ च्या मास्टर सर्क्युलरमध्ये हे स्पष्ट लिहिलं आहे. ग्राहक पॉलिसी कधीही रद्द करू शकतो, त्याला कारण द्यावं लागत नाही, आणि कंपनीने उरलेल्या मुदतीचा हप्ता प्रमाणात परत करायचा.

मी विश्रामबागेत राहते आणि बरीच वर्षं विम्याचं एजंटचं काम करते. तरीही माझ्या स्वतःच्या गाडीच्या वेळी कंपनीने आधी जुन्या तक्त्याने पैसे कापलेच. तो हिशेब पुढे देते. त्याआधी एक विचारते, कारण त्यावर रिफंडपेक्षा कितीतरी मोठी रक्कम अवलंबून आहे: आरसीवर आता नाव कुणाचं आहे?

गाडी दिली, पैसे मिळाले, किल्ली गेली, म्हणजे आपण सुटलो असं वाटतं. कायद्यात तसं नाही. आरसीवर जोवर तुमचं नाव आहे तोवर मालक तुम्हीच. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात हेच धरलं. गाडी पुढे तीन-चार हातांतून गेली होती, तरी अपघाताच्या भरपाईची जबाबदारी नोंदणीकृत मालकावर आली. म्हणजे आरसी बदलण्याआधी, घेणाऱ्याची नवी पॉलिसी नसताना, तुम्ही पॉलिसी रद्द केली आणि घेणाऱ्याच्या हातून रस्त्यावर कुणाला लागलं, तर दावा तुमच्यावर येणार आणि मागे विमा कंपनी उभी नसणार.

दुसरी बाजूही बघा. मोटार वाहन कायद्याच्या कलम १५७ प्रमाणे गाडी विकली की विम्याचं प्रमाणपत्र घेणाऱ्याच्या नावे गेलं असं मानलं जातं, आणि त्याने १४ दिवसांत कंपनीकडे अर्ज करून नाव बदलून घ्यायचं असतं. हे थर्ड पार्टीपुरतं, म्हणजे आपल्या गाडीने दुसऱ्याचं नुकसान झालं तर त्याच्या भरपाईपुरतं. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा भाग, ज्याला आपण ओडी म्हणतो, तो असा आपोआप जात नाही. त्यामुळे मधल्या काळात ओडीचा उपयोग ना तुम्हाला ना त्याला, पण थर्ड पार्टीचं छत्र मात्र चालू असतं. ते त्याला न विचारता काढून घेतलं तर तो विनाविमा गाडी चालवतो आणि त्याला ते ठाऊकही नसतं. म्हणून कंपनी रद्द करताना आरसीची प्रत किंवा घेणाऱ्याची नवी पॉलिसी मागते. तिथे त्यांच्याशी वाद घालू नका, ते मागणं रास्त आहे.

आता माझं उदाहरण. ११९७ सीसीची कार, पॉलिसी १० जून २०२४ ते ९ जून २०२५. ओडी, थर्ड पार्टी आणि मालक-चालकाचा अपघात विमा मिळून जीएसटीशिवाय हप्ता ९,००० रुपये, जीएसटी धरून १०,६२०. गाडी २० ऑक्टोबरला तासगावकडच्या एका बागायतदाराला दिली. मालकी बदलायच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या झाल्या, तारीख-वेळ घालून ताबापावती केली. ते म्हणाले, “ताई, छाटणी चालू हाय, एवढी उरकली की नावावर करतो.” ऑक्टोबरात द्राक्षबागेची छाटणी म्हणजे माणूस बागेतून हलत नाही, हे आपल्याकडे सगळ्यांना माहीत आहे. मी दर रविवारी फोन केला. आरसी त्यांच्या नावावर झाली २ डिसेंबरला. हे मी त्यांच्या शब्दावर धरलं नाही, एमपरिवहन ॲपवर गाडीचा नंबर टाकून पाहिलं. तिथे मालकाचं नाव अर्धवट झाकलेलं असतं, पण जी अक्षरं दिसतात ती बदललेली दिसली. त्याच पानावर विम्याची मुदतही दिसते, त्यामुळे घेणाऱ्याने नवी पॉलिसी घेतली असेल तर तेही बरेचदा तिथेच कळतं.

५ डिसेंबरला रद्द करण्याचा अर्ज दिला. कंपनी अर्जाच्या तारखेपासून रद्द करते, विक्रीच्या तारखेपासून नाही, कारण मधल्या काळात तिने जोखीम उचललेली असते. १० जून ते ५ डिसेंबर १७९ दिवस झाले, उरले १८६. ९,००० ला १८६ ने गुणून ३६५ ने भागलं की ४,५८६ रुपये येतात. त्यावर १८ टक्के जीएसटी धरला की ५,४१२.

खात्यावर जमा झाले ३,१८६.

हा आकडा जुन्या शॉर्ट पिरियड तक्त्यातून येतो. त्या तक्त्यात एक महिन्यापर्यंत पॉलिसी वापरली तर कंपनी वर्षाच्या हप्त्याच्या २० टक्के ठेवते, दोन महिन्यांपर्यंत ३०, आणि पुढे दर महिन्याला १० टक्के वाढत जातात. आठ महिने उलटले की पूर्ण हप्ता कंपनीचा. महिना एक दिवसाने चढला तरी पुढचा टप्पा लागतो. माझे पाच महिने पूर्ण होऊन सहावा चालू होता, म्हणून ७० टक्के कापले. उरले २,७०० आणि त्यावरचा जीएसटी ४८६. तुमची रक्कम याच पद्धतीने दोन्ही बाजूंनी काढून बघा. कंपनीने दिलेला आकडा ३० टक्के, २० टक्के असा गोल हिश्शात बसत असेल तर तक्ता लावलाय हे लगेच ओळखता येतं. दिवसांचा हिशेब असा गोल क्वचितच येतो.

पुष्कळ पॉलिसींच्या छापील अटींत हा तक्ता अजून राहिलेला आहे आणि शाखेतला माणूस तोच वाचून दाखवतो. तो खोटं बोलतो असं नाही, त्याच्या समोरचा कागद जुना असतो. त्याच्याशी काउंटरवर बोलून उपयोग झाला नाही. मी कंपनीच्या तक्रार निवारण विभागाला ईमेल केला. मजकूर एवढाच होता:

“पॉलिसी ५ डिसेंबर २०२४ पासून रद्द झाली. मुदतीत क्लेम नाही. गाडीची आरसी नव्या मालकाच्या नावे झाली आहे, प्रत जोडली आहे. इर्डाच्या ११ जून २०२४ च्या मास्टर सर्क्युलरप्रमाणे १८६ दिवसांचा हप्ता जीएसटीसह ५,४१२ रुपये देय आहे. ३,१८६ मिळाले. बाकी २,२२६ जमा करावेत, अन्यथा कोणत्या नियमाने कपात केली ते लेखी कळवावं.”

शेवटचं वाक्य जरूर घाला. नियम लेखी विचारला की प्रकरण शाखेतून वर जातं. बाराव्या दिवशी चूक मान्य केल्याचं उत्तर आलं आणि जानेवारीत बाकी रक्कम जमा झाली. तुमच्याकडे उत्तरच आलं नाही तर bimabharosa.irdai.gov.in वर तक्रार टाका. कंपनीला तक्रार देऊन महिना गेला, किंवा उत्तर आलं पण पटलं नाही, तर विमा लोकपाल आहे. सांगली-साताऱ्यासाठी पुण्याचं कार्यालय लागतं, फी नाही, वकील लागत नाही.

अर्जासोबत पॉलिसीची प्रत, नव्या नावाची आरसी, रद्द केलेला चेक आणि पॅन-आधार एवढं पुरतं. आरसी हातात यायला वेळ असेल तर आरटीओची पावती आणि घेणाऱ्याची नवी पॉलिसी जोडा. माझ्या गाडीएवढ्या, म्हणजे १००० ते १५०० सीसीच्या कारची नुसती थर्ड पार्टी जीएसटीसह ४,०३१ रुपयांत होते (दर ३,४१६), तेव्हा ताबा देतानाच त्याला ती काढायला लावणं सगळ्यांत बरं. मी तसं केलं असतं तर ऑक्टोबरातच पॉलिसी रद्द करता आली असती. थांबल्यामुळे ४६ दिवसांचे, जीएसटी सोडून, सुमारे १,१३४ रुपये गेले. त्याचं मला वाईट वाटत नाही, त्यातले ४३ दिवस गाडी तासगावच्या रस्त्यांवर माझ्या नावावर फिरत होती.

तुमचा चालू वर्षात क्लेम झाला असेल तर मात्र रिफंडचा आग्रह धरू नका, तो मिळत नाही. तेव्हा पॉलिसी घेणाऱ्याच्या नावे करून देणं शहाणपणाचं, निदान किमतीत त्याचा विचार होईल. नवी गाडी असेल आणि थर्ड पार्टी तीन वर्षांची एकदम घेतलेली असेल, तर ज्या वर्षांचं संरक्षण अजून सुरूच झालेलं नाही त्या वर्षांचा हप्ता परत मिळतो.

आणि रद्द करायच्या त्याच अर्जात नो क्लेम बोनस राखून ठेवल्याचं पत्र मागा. बोनस गाडीचा नसतो, तुमचा असतो. तीन वर्षांत दुसरी गाडी घेतली की तो ओडीच्या हप्त्यावर लागतो. बरेच जण रिफंडच्या मागे धावतात आणि हे पत्र मागायचं राहून जातं. नंतर पॉलिसी बंद झालेली, एजंट बदललेला, मग पत्रासाठी हेलपाटे. वर्ष पूर्ण न करता विकली असेल तर चालू पॉलिसीवर जो टक्का होता तोच मिळतो, पुढचा नाही. माझा ४५ टक्के होता. मार्चमध्ये नवी गाडी घेतली तेव्हा ओडी १६,००० लागत होती, पत्र दाखवल्यावर त्यातले ७,२०० कमी झाले.