आषाढीला खात्यात किती हवेत?

'मी फ्रीलान्सर आहे. कधी महिन्याला ८० हजार येतात, कधी ५ हजार. चांगल्या महिन्यात नक्की किती बाजूला काढायचे?'

मी लग्नाचे फोटो काढतो. तुळशीचं लग्न झालं की आमचा सीझन सुरू होतो आणि आषाढी एकादशीला चातुर्मास लागला की मुहूर्त संपतात. तेव्हापासून चार महिने घर चालतं ते आधीच्या आठ महिन्यांवर.

मी आधी टक्के ठरवायचो, ३० टक्के वगैरे. ते टिकलं नाही. आता उलटा हिशोब करतो: बाजूला किती काढायचे हे न ठरवता, घरी किती न्यायचे ते ठरवतो. सगळी कमाई एका खात्यात येते. त्याचं एटीएम कार्ड नाही आणि यूपीआयलाही ते जोडलेलं नाही. दर महिन्याच्या १ तारखेला तिथून घरखर्चाच्या खात्यात ठरलेला 'पगार' जातो. मे असो की ऑगस्ट, आकडा तोच.

हा आकडा काढायला मागच्या बारा महिन्यांचं पासबुक घेऊन बसलो. असिस्टंट, प्रवास, अल्बम वजा जाऊन वर्षाचे ५,४०,००० उरले, म्हणजे महिन्याला सरासरी ४५,०००. पगार मात्र ३६,००० ठेवला. सरासरीइतका घेतला असता तर कॅमेरा दुरुस्तीला आणि टॅक्सला काहीच उरलं नसतं. शिवाय अधिक महिना सीझनमध्येच येतो कधीकधी. २०२६चा अधिक ज्येष्ठ १७ मे ते १५ जून आहे, म्हणजे ऐन मे-जूनमधले मुहूर्त गेले.

आता तुमच्या प्रश्नाचा आकडा. जुलै ते ऑक्टोबरचा पगार १,४४,०००. त्या चार महिन्यांत बारसं, प्रॉडक्ट शूट मिळून ४५,००० आले होते. तूट ९९,००० ची. म्हणून आषाढीला खात्यात लाखभर असलेच पाहिजेत. मार्चअखेर खातं पाहून हे जमेलसं वाटलं नाही, तर पगार एप्रिलमध्येच कमी करतो. ऑगस्टमध्ये कळून उपयोग नसतो.

माझी मोठी चूक बुकिंगच्या ॲडव्हान्सची. नोव्हेंबरच्या लग्नाचे २५ हजार मे महिन्यात आले आणि मी लेन्स घेतली. ऑगस्टमध्ये लग्न मोडलं. पैसे परत द्यायला बायकोकडून उसने घेतले. (ते अजून ऐकवते.) तेव्हापासून ॲडव्हान्स वहीत वेगळा लिहितो आणि काम होईपर्यंत कमाईत धरत नाही.

रोजंदारी असेल तर महिन्याची वाट पाहू नका, रोजच काढा. पिग्मीवाला दारात येतो हे सोयीचं. पण पतसंस्थेतल्या ठेवीला बँकेसारखं ५ लाखांचं विमा संरक्षण नसतं. त्यामुळे पिग्मी बँकेची असेल तर बरं, नसेल तर रक्कम साचू न देता दर दोन-तीन महिन्यांनी बँकेत हलवा. त्याआधी मुदतीपूर्वी काढल्यास किती कापतात ते एजंटला विचारून घ्या. आरडीच्या फंदात मात्र मी पडलो नाही, कारण तिचा हप्ता ऑगस्टमध्येही तेवढाच भरावा लागतो.